धुतल्यावर जातो, वाळल्यावर परत येतो: रेशीम, साटीन आणि विस्कोसवरचा सेंटचा डाग

लक्षण असं असतं. ब्लाउजवर किंवा ओढणीवर सेंटचा किंवा बॉडी स्प्रेचा गोल डाग पडतो, मधे फिका आणि कडेला गडद. तेवढा भाग ओला करून चोळला की डाग दिसेनासा होतो. दोरीवर टाकला, वाळला, की तोच गोल परत तिथेच, कधी पहिल्यापेक्षा बोटभर मोठा. पुन्हा धुवा, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कापडाची चमक जाते आणि डाग मात्र जागच्या जागी राहतो.

बडोद्यात नवरात्र संपली की माझ्याकडे असे कपडे यायला लागतात आणि ते दिवाळीपर्यंत चालतं. रावपुऱ्यात मी साड्यांचं रोल प्रेस आणि नाजूक कपड्यांची धुलाई करते. गरब्याला जाताना साटीनचा पोलका अंगावर चढवायचा आणि वरून भसाभसा स्प्रे मारायचा, असं नऊ रात्री चालतं. आपल्या घरांतून संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर दुसरी लाट येते. त्यात अत्तराचे आणि गुलाबपाण्याचे डाग जास्त असतात. दिसायला हे सगळे जवळजवळ सारखे असतात, पण त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत.

डाग परत का येतो ते आधी समजून घेऊ, पुढचं सगळं त्यावरच आहे. सेंटमध्ये बहुतेक भाग अल्कोहोल, थोडं पाणी, आणि उरलेली सुगंधी तेलं असतात. अल्कोहोल काही मिनिटांत उडून जातं, तेलं कापडात राहतात. शिवाय अल्कोहोल कापडात पसरताना वाटेतली खळ, धूळ, घाम आणि कधी कधी सुटा रंगसुद्धा बरोबर ढकलत नेतं. ओल्या भागाची कड सगळ्यात आधी वाळते, म्हणून हे सगळं कडेला साचतं. म्हणून डागाची कड गडद. आता तुम्ही फक्त डागापुरतं कापड ओलं केलंत, तर पाण्यानेही तेच घडतं: आतला मळ नव्या कडेला जाऊन बसतो आणि गोल मोठा होतो. ओलं असताना सगळंच कापड गडद दिसतं, त्यामुळे डाग गेला असं वाटतं. गेलेला नसतो.

दुसरं कारण लपलेलं असतं, ते म्हणजे अस्तर. सेंट रेशमातून आरपार जातं आणि खालच्या सुती अस्तरात मुरतं. ब्लाउज वाळताना बाहेरचं पातळ रेशीम आधी वाळतं, अस्तर ओलंच असतं. मग अस्तरातलं पाणी बाहेर वाळणाऱ्या रेशमाकडे ओढलं जातं आणि येताना आपल्याबरोबर तेल आणि साबणाचा उरलेला अंश घेऊन येतं. दिव्यातलं तेल वातीतून वर चढतं तसंच. वरचं रेशीम कितीही स्वच्छ केलंत तरी अस्तर दर वेळी त्याला पुन्हा डाग पुरवत राहतं.

पाण्याला हात लावण्याआधी डाग कोणता आहे ते ओळखा. दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं राहून कापड उजेडासमोर धरा. डागाची जागा आरपार जास्त पारदर्शक, किंचित मेणचट दिसली तर तेल आहे. त्या जागेवर तोंडाची गरम वाफ सोडून वास घ्या. जुन्या सेंटचा वास उठला तर तेल अजून कापडात आहे, म्हणजे निघायची आशाही आहे. वास नाही, पारदर्शकपणा नाही, फक्त कड आहे आणि ती बोटाला जराशी कडक लागते, तर ती खळीची किंवा साबणाची कड आहे. गुलाबपाण्याचे डाग बहुतेक असेच असतात आणि ते सगळ्यात सोपे.

तिसरा प्रकार वाईट. डागाच्या मधला रंगच फिका झालेला आणि कडेला तोच रंग दाट झालेला. उदाहरणार्थ राणी रंगाच्या कापडावर मधे गुलाबी आणि भोवती जांभळट राणी. हा डाग नाही, ही रंगाची हलवाहलव आहे. अल्कोहोलने रंग सुटला आणि सरकला. खात्री करायची असेल तर शिलाईच्या आत सोडलेलं मार्जिन शोधा, कानात घालायच्या कापसाच्या काडीला तेच सेंट लावा आणि मार्जिनवर अलगद टेका, घासू नका. काडीवर कापडाचा रंग आला तर हा रंग अल्कोहोलला टिकत नाही. असा डाग धुऊन निघत नाही. घरीही नाही आणि ड्रायक्लीनरकडेही नाही, कारण काढण्यासारखं तिथे काही नाहीच, रंग गेलेला आहे. रंगाऱ्याकडून अख्खा कपडा गडद रंगात रंगवून घेणं किंवा त्या जागी बूटी, लेस लावून घेणं एवढेच मार्ग उरतात. हे आधी कळलं तर निदान चोळून कापड तरी फाटत नाही.

आणि कापड कशाचं आहे तेही बघा. साटीन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. साटीन रेशमाचं असतं, विस्कोसचं असतं, आणि बाजारात मिळणारं स्वस्त साटीन बहुतेक पॉलिस्टरचं असतं. मार्जिनमधून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा. केस जळल्यासारखा वास आणि चुरडली जाणारी काळी राख म्हणजे रेशीम. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख म्हणजे विस्कोस, ज्याला दुकानदार रेयॉन म्हणतात. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर असेल तर सुटलात, मंद साबणात अख्खा कपडा धुऊन डाग बहुतेक जातो, फक्त डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावू नका.

आता एक खरा कपडा घेऊ. दांडिया बाजारातल्या एक वहिनी गडद हिरव्या गजी सिल्कचा ब्लाउज घेऊन आल्या. गजी सिल्क आपल्याकडे बांधणीच्या आणि अजरखच्या दुकानांतून मिळतं, ते शुद्ध रेशमाचं साटीन विणीचं कापड असतं. म्हणजे रेशीम आणि साटीन, दोन्हीची दुखणी एकाच कपड्यात. आत पांढरं सुती अस्तर. उजव्या मुंढ्याच्या खाली तळहाताएवढा गोल आणि गळ्यापाशी दोन लहान.

"ताई, धुतला की जातो हो, वाळला की परत येतो. आता तर इस्त्री केली आणि पिवळाच दिसायला लागला," त्या म्हणाल्या.

"इस्त्री तिन्ही डागांवर केलीत का?" मी विचारलं.

"नाही, गळ्यापुरतीच. घाई होती."

या एका वाक्याने बरंच कळलं. उष्णतेने सुगंधी तेल पिवळं पडतं आणि धाग्याला धरून बसतं. व्हॅनिलासारख्या गोड वासाच्या सेंटमध्ये तर हे लवकर होतं, कारण त्यातलं व्हॅनिलिन तसंही पिवळट तपकिरी होत जातं. म्हणजे मुंढ्याच्या डागाकडून मला पूर्ण आशा होती, गळ्याच्या डागाकडून अर्धी. ते मी त्यांना आधीच सांगितलं.

मुंढ्याखालचा भाग पाण्यात घालण्याआधी उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी अगदी हलकं ताणून पाहिला. घाम रोखणाऱ्या डिओमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते आणि घाम मिळून रेशमाचा धागा कुजवतात. उभ्या बारीक चिरा दिसल्या किंवा ताणताना धागे सरकून जाळी पडली, तर तो कपडा पाण्यात घालायचाच नाही, ओला झाला की तिथेच फाटतो. या ब्लाउजचं कापड मजबूत होतं. मार्जिनवर साध्या पाण्याचा आणि मग साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने टिपलं, रंग उतरला नाही. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नका. त्याच मार्जिनवर उतरला असता तर काम तिथेच थांबवून ड्रायक्लीनिंगला पाठवला असता.

मग अस्तर उसवलं. मुंढ्याखालची बाजूची शिलाई साधारण चार बोटं उसवली की रेशीम आणि अस्तर वेगळं करता येतं. अस्तर पाहिलं तर त्यावर रेशमावरच्यापेक्षा मोठा, पिवळट, कडक ठिपका. बहुतेक जणी इथपर्यंत येतच नाहीत, आणि डाग परत येण्याचं मूळ इथेच असतं.

पहिल्यांदा तेल शोषून घ्यायचं, कोरडंच. रेशीम आणि अस्तर यांच्या मधे पांढऱ्या सुती कापडाची घडी सरकवली, डागावर कॉर्नफ्लॉरचा थर दिला आणि रात्रभर ठेवला. बिनवासाची टाल्कम पावडरही चालते, वासाची नको, तिच्यात पुन्हा सुगंधच असतो. मुलतानी माती गडद रंगाच्या साटीनच्या विणीत अडकून बसते, म्हणून मी ती वापरत नाही. सकाळी मऊ ब्रशने पावडर झटकली, धागे ज्या दिशेला चमकतात त्याच दिशेला. साटीनमध्ये धागे लांब लांब मोकळे सोडलेले असतात, चमक त्यांचीच. आडवं घासलं की ते उचलले जातात आणि तिथे पांढुरका ओरखडा राहतो, जो लोकांना नवा डाग वाटतो. अस्तराच्या ठिपक्यावर मात्र मी थेट बिनरंगी लिक्विड साबणाचा एक थेंब लावून बोटाने चोळलं. सुती आहे, सोसतं.

धुताना एकच नियम: अख्खा ब्लाउज एकदम पाण्यात. थोडा ओला, थोडा कोरडा असा क्षणभरही ठेवायचा नाही, कारण कड तयार होते ती ओल्या आणि कोरड्याच्या सीमेवर. सगळं कापड सारखं ओलं असेल तर सीमाच नाही. तीन लिटर साधं, गार पाणी आणि त्यात एक लहान चमचा रेशीम-लोकरीसाठी मिळणारं लिक्विड. आधी ढवळून विरघळवायचं, मग कपडा बुडवायचा. रिठ्याचं पाणीही उत्तम, आमच्या आज्या पैठण्या त्यातच धुवायच्या, पण रिठ्याने पांढऱ्या आणि फिक्या रेशमाला किंचित पिवळट झाक येते, म्हणून ते गडद रंगांनाच. कपड्याची पावडर, सोडा, ब्लीच हे रेशमाला नकोच. रेशीम हे प्राणिज धागा आहे, अल्कलीने ते खडबडीत होतं आणि क्लोरीनच्या ब्लीचने पिवळं पडून विरतं.

पाण्यात चार-पाच मिनिटं, तळहाताने दाबत आणि सोडत. चोळणं नाही, पिळणं नाही. मग स्वच्छ पाण्यात, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत, अस्तराकडे जास्त लक्ष देऊन. साबण उरला तर वाळताना त्याचीच कड उमटते, आणि अस्तरात तो सगळ्यात जास्त उरतो. शेवटच्या पाण्यात दोन लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. त्याने साबणाचा उरलेला अंश आणि डिओच्या क्षारांची खर निघते, आणि रेशमाला चमक येते. जरीचा काठ किंवा जरीची बूटी असेल तर व्हिनेगर वगळा, जर काळवंडते.

डाग परत येणार की नाही, ते वाळवण्यावर ठरतं. ब्लाउज कोरड्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, मग उलटा केला, म्हणजे अस्तर बाहेर आणि रेशीम आत. रेशीम आणि अस्तर यांच्या मधे, उसवलेल्या जागेतून, पुन्हा पांढऱ्या कापडाची घडी घातली. आणि दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सपाट, सावलीत, पंख्याखाली. असं केल्याने आधी वाळतं ते बाहेर असलेलं अस्तर. पाणी त्या दिशेला ओढलं जातं आणि राहिलेला मळ रेशमावर न येता अस्तरावर जाऊन बसतो. उन्हात नको, दोरीला लटकवायचं नाही. लटकवलं की पाणी खाली उतरतं आणि कमरेपाशी नवी कड पडते.

दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर, उजेडासमोर पाहिलं. मुंढ्याखालचा गोल गेला होता. मधे घातलेल्या पांढऱ्या कापडावर मात्र फिकट पिवळी कड उमटलेली. ती नाहीतर रेशमावर उमटली असती. गळ्याचा एक लहान डाग गेला, दुसऱ्याची फिकट झाक राहिली. तिच्यामागे मी लागले नाही. वहिनींना म्हटलं, "हे इस्त्रीने बसलेलं आहे. गडद हिरव्यात लांबून दिसत नाही. यावर आणखी काही घातलं तर रंग जाईल आणि मग लांबूनही दिसेल." त्यांना पटलं. मग अस्तर पुन्हा हातशिलाईने शिवलं, उलट्या बाजूने, वरून सुती फडकं ठेवून रेशमाच्या आचेवर इस्त्री.

पांढऱ्या किंवा मोतिया रेशमावरची अशी पिवळी झाक सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने काढता येते, पण ते काम अनुभवी ड्रायक्लीनरचं. रंगीत रेशमावर ते कुणालाही करू देऊ नका.

विस्कोसची गोष्ट थोडी वेगळी. त्यावर तेलापेक्षा खळीची कड जास्त पडते, कारण नव्या विस्कोसला खळ आणि फिनिश बऱ्यापैकी असतं. म्हणून त्याचा बहुतेक गोल एका पूर्ण धुण्यात निघतो. अडचण दुसरीच आहे: ओलं झालं की विस्कोसची ताकद साधारण निम्म्यावर येते. ओल्या विस्कोसवर नख किंवा ब्रश फिरवला की धागा फुटून पांढरट लव उठते आणि ती परत बसत नाही. म्हणून त्याला बादलीतून उचलताना दोन्ही हातांखाली धरून उचला, एका टोकाला धरून ओढू नका. आटतंही, तेव्हा किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करताना हाताने मापात ओढून घ्या. अर्थात डाग गेला आहे हे आधी एकदा पूर्ण वाळवून पाहून, मग पुन्हा पाणी शिंपडून. विस्कोसची साधी साडी किंवा कुर्ता असेल तर अस्तराचा प्रश्नच नाही, अख्खं धुणं पुरतं.

घरगुती म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टींबद्दल ठामपणे सांगते. सॅनिटायझर लावू नका, ते अल्कोहोलच आहे, ज्याने रंग सुटला तेच पुन्हा. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका. काही साटीन ॲसिटेटचं असतं आणि ॲसिटोनने ते अक्षरशः विरघळून भोक पडतं. आणि लिंबू: त्याचं आम्ल कापडात आटत जातं आणि उन्हात रंग उडवतं.

बांधणी, हाताने छापलेलं, दोन रंगांचं किंवा भरजरी काम असलेलं काही असेल तर पाण्यात घालू नका, ड्रायक्लीनिंगला द्या. पण देताना बोलून द्या. पेट्रोल वॉशने तेल निघतं, घाम आणि पाण्यात विरघळणारा मळ निघत नाही. म्हणून नुसतं "ड्रायक्लीन करा" म्हणून टाकलेला कपडा कधी कधी तोच गोल घेऊन परत येतो, वर गरम प्रेस होऊन, म्हणजे कायमचा. पावतीवर लिहून घ्या: सेंटचा डाग, इस्त्री झालेली आहे किंवा नाही, आत अस्तर आहे, आणि डाग निघाल्याशिवाय प्रेस करू नये. जागेवर खडूने गोल करून देऊ नका, खडूही रेशमात बसतो. कच्च्या दोऱ्याचा एक टाका घालून दाखवा.

पुन्हा डाग पडू नये म्हणून स्प्रे अंगावर, कपडे घालायच्या आधी, आणि कातडी पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबून. गरब्याच्या पोलक्यांना मुंढ्यात सुटे स्वेट पॅड टाचून घ्या, रोज काढून धुता येतात. हळदीकुंकवात अत्तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून घ्या आणि पदर तोवर दुसऱ्या हातात धरा. गुलाबपाणी शिंपडलं गेलंच तर पुसू नका, तसंच वाळू द्या, घरी आल्यावर पदर साधा असेल आणि रंगाची खात्री असेल तर वर सांगितल्याप्रमाणे साडी अख्खी पाण्यातून काढा, नाहीतर रोल प्रेसवाल्याला ठिपके दाखवून द्या.